हॉटेलचं बिल कंपनीच्या नावावर हवं असेल, तर हॉटेलला ईमेल कसा लिहायचा

कर्मचारी कंपनीच्या कामासाठी बाहेरगावी जातो, हॉटेलात राहतो आणि परत आल्यावर बिल लेखा विभागात देतो. बिलावर नाव कर्मचाऱ्याचं असतं, कंपनीचा जीएसटी नंबर कुठेच नसतो. मग हॉटेलला फोन होतात आणि तिकडून उत्तर येतं, ‘आता बिल बदलता येत नाही, आधी सांगायला हवं होतं.’ हे उत्तर बहुतेक वेळा खरंच असतं. म्हणून हा लेख त्या आधीच्या ईमेलबद्दल आहे: तो कधी पाठवायचा, त्यात काय लिहायचं आणि त्यातली प्रत्येक ओळ कशासाठी असते.

नुसतं कंपनीचं नाव छापून का भागत नाही, ते आधी बघू. हॉटेल दर महिन्याला, लहान असेल तर कधी तिमाहीला, जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरण भरतं. ज्या बिलांवर ग्राहकाचा जीएसटी नंबर आहे ती एकेक करून, नंबरासकट नोंदवावी लागतात. ज्यांवर नंबर नाही ती सर्वसामान्य ग्राहकांच्या विक्रीत जातात. मासिक विवरणाची मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख असते आणि १४ तारखेला तुमच्या कंपनीच्या जीएसटी खात्यात जीएसटीआर-२बी हा खरेदीच्या बिलांचा गोषवारा तयार होतो. हॉटेलने नोंदवलेलं बिल त्यात दिसलं तरच क्रेडिट घेता येतं, म्हणजे हॉटेलला दिलेला जीएसटी कंपनीला स्वतःच्या भरायच्या जीएसटीतून वजा करता येतो. हातात पक्कं बिल आहे पण २बी मध्ये नोंद नाही, तर क्रेडिट नाही. म्हणजे कागदावर शाईने कंपनीचं नाव लिहून आणि वर शिक्का मारून घेण्याचा काहीच उपयोग नाही. नंबर हॉटेलच्या संगणकात, बिल निघण्यापूर्वी जायला हवा.

ईमेल लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा

पहिली गोष्ट तुमच्या कंपनीची. कंपनीचं नाव आणि पत्ता जीएसटी नोंदणी प्रमाणपत्रावरून उतरवून घ्या, लेटरहेडवरून नाही. लेटरहेडवर बऱ्याचदा ब्रँडचं नाव असतं आणि प्रमाणपत्रावर वेगळं, ‘प्रायव्हेट लिमिटेड’सह पूर्ण कायदेशीर नाव असतं. बिलावर कायदेशीर नाव हवं.

जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे `27`. पुढची दहा अक्षरं म्हणजे कंपनीचा पॅन. तेरावं अक्षर त्याच पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी आहे ते सांगतं, चौदावं साधारणपणे `Z` असतं आणि पंधरावं पडताळणीचं. ही रचना लक्षात ठेवली की सगळ्यात जास्त होणारी चूक टळते, ती म्हणजे `O` आणि `0` किंवा `I` आणि `1` यांची अदलाबदल. तिसऱ्यापासून सातव्या जागेपर्यंत फक्त अक्षरं येतात, आठव्यापासून अकराव्यापर्यंत फक्त अंक आणि बाराव्या जागी पुन्हा अक्षर. त्यामुळे पाचव्या जागी गोल चिन्ह दिसलं तर ते `O` आहे आणि नवव्या जागी दिसलं तर शून्य. ईमेलमध्ये नंबर टाइप करून द्या, प्रमाणपत्राचा फोटो सोबत जोडा. नुसता फोटो पाठवला तर काउंटरवरचा माणूस तो बघून हाताने भरतो आणि चूक तिथेच होते.

दुसरी गोष्ट हॉटेलची. जीएसटी पोर्टलवर करदाता शोधण्याची सोय सर्वांसाठी खुली आहे. हॉटेलचा नंबर टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द, आणि करदाता नियमित आहे की कंपोझिशन योजनेतला, हे दिसतं. कंपोझिशनमधलं हॉटेल ग्राहकाकडून कर वेगळा आकारू शकत नाही आणि टॅक्स इनव्हॉइसही देऊ शकत नाही. मग तुम्ही कितीही नीट ईमेल लिहा, क्रेडिट मिळणार नाही. लहान लॉज आणि होमस्टे अनेकदा नोंदणीच्या मर्यादेखालीच असतात. तिथे राहायला हरकत नाही, फक्त क्रेडिटची अपेक्षा ठेवू नका.

कधी पाठवायचा

आरक्षण क्रमांक हाती आला की लगेच. निदान मुक्कामाच्या दोन-तीन दिवस आधी तरी जायलाच हवा. तो आरक्षण विभागाला पाठवा आणि फ्रंट ऑफिसच्या पत्त्यावर प्रत टाका, कारण आरक्षण घेणारा आणि बिल काढणारा हे सहसा वेगळे लोक असतात. लेखा विभागाचा पत्ता प्रतीत ठेवला तर बिल थेट तिकडेच मागवता येतं.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीचे दोन अभियंते ९ मार्च २०२६ ला नाशिकला जाणार आहेत आणि १२ मार्चला निघणार आहेत. दोन खोल्या, तीन रात्री, खोलीचं भाडं रात्रीला ४,२०० रुपये अधिक कर. भाडं कंपनी देणार, जेवणखाण अभियंते स्वतः देणार. ईमेल असा लिहावा (नंबर नमुन्याचा आहे):

> विषय: आरक्षण क्र. ____ (९ ते १२ मार्च २०२६, २ खोल्या): बिल कंपनीच्या नावे, जीएसटी तपशिलासह
>
> मा. व्यवस्थापक, आरक्षण विभाग,
> सप्रेम नमस्कार.
>
> वरील आरक्षणाचं टॅक्स इनव्हॉइस आमच्या कंपनीच्या नावे काढावं, ही विनंती. तपशील असा:
>
> कंपनीचं नाव: (जीएसटी प्रमाणपत्राप्रमाणे पूर्ण नाव)
> पत्ता: (प्रमाणपत्रावरील पत्ता, पिनकोडसह)
> जीएसटी नंबर: `27AAACX0000X1ZX`
> राज्य: महाराष्ट्र, कोड `27`
> राहणारे पाहुणे: (दोघांची नावं)
>
> १. खोल्यांचं भाडं (रु. ४,२०० प्रति खोली प्रति रात्र, अधिक जीएसटी) कंपनी देईल. या रकमेचं स्वतंत्र टॅक्स इनव्हॉइस वरील नावे व नंबरावर काढावं.
> २. जेवण, लाँड्री व इतर खर्च पाहुणे स्वतः देतील. त्याचं बिल वेगळं, पाहुण्यांच्या नावे काढावं.
> ३. इनव्हॉइसवर आपला जीएसटी नंबर, बिल क्रमांक व तारीख, सेवेचा एसएसी कोड, करपात्र रक्कम आणि सीजीएसटी व एसजीएसटी दरासह वेगवेगळे दाखवावेत. आपल्याला ई-इनव्हॉइस लागू असल्यास आयआरएन व क्यूआर कोडसह प्रत द्यावी.
> ४. चेक-आउटच्या आदल्या संध्याकाळी बिलाचा कच्चा मसुदा या पत्त्यावर पाठवावा. आम्ही तपासून लगेच कळवू.
> ५. अंतिम बिलाची पीडीएफ प्रत accounts विभागाच्या (ईमेल पत्ता) या पत्त्यावर पाठवावी.
>
> वरील तपशील आरक्षणात नोंदवल्याचं कृपया उलट ईमेलने कळवावं. सोबत जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र जोडलं आहे.
>
> आपला,
> (नाव, हुद्दा, कंपनी, मोबाइल)

विषयाच्या ओळीत आरक्षण क्रमांक आणि तारखा असायलाच हव्यात. आरक्षण विभागाकडे दिवसाला कितीतरी ईमेल येतात आणि ‘बिलाबाबत’ एवढाच विषय असलेला ईमेल कुठल्या आरक्षणाला जोडायचा, हे त्यांना कळत नाही. शेवटच्या ओळीतलं ‘नोंदवल्याचं कळवावं’ हेही वगळू नका. ‘धन्यवाद, ईमेल मिळाला’ असं उत्तर आलं तर ती नोंद नव्हे. तुमचा नंबर त्यांनी उत्तरात परत लिहिलेला असला, तर मात्र तो संगणकात गेला असं धरायला हरकत नाही.

पैसे कोण देणार हे पहिल्या दोन मुद्द्यांत स्पष्ट लिहिलं आहे, त्याचंही कारण आहे. हॉटेलच्या भाषेत ‘बिल टू कंपनी’ म्हणजे पाहुणा पैसे न देता निघून जाणार आणि वसुली कंपनीकडून करायची. अशी उधारी हॉटेलं फक्त करार झालेल्या कंपन्यांना देतात. तुम्हाला नुसतं बिल कंपनीच्या नावावर हवं असेल आणि पैसे कर्मचारी स्वतःच्या कार्डावरून भरणार असेल, तर ‘बिल टू कंपनी’ असं लिहिलं की गोंधळ होतो, कधी चेक-इनच अडतं. अशा वेळी पहिला मुद्दा असा लिहा: ‘भाड्याची रक्कम पाहुणे चेक-आउटच्या वेळी भरतील, इनव्हॉइस मात्र कंपनीच्या नावे व नंबरावर काढावं.’ पैसे कर्मचाऱ्याने भरून नंतर कंपनीकडून घेतले तरी क्रेडिटला बाधा येत नाही. बिल कोणाच्या नावे आहे आणि मुक्काम कंपनीच्या कामासाठी होता का, हेच इथे बघितलं जातं.

खोलीचं आणि जेवणाचं बिल वेगळं मागण्यामागे कराचा नियम आहे. खाण्यापिण्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट कायद्याने, म्हणजे कलम १७(५) ने, सहसा बंद आहे. खोलीच्या भाड्यावरचं बंद नाही. दोन्ही एकाच बिलात आलं तर लेखा विभागाला ओळीओळीने वेगळं करत बसावं लागतं, आणि ‘पॅकेज’ अशी एकच ओळ छापली असेल तर तेही जमत नाही. भाड्यातच नाश्ता धरला असेल तर गोष्ट वेगळी. तो भाड्याचाच भाग असतो आणि त्याची वेगळी ओळ मागू नये.

मसुदा आला की काय बघायचं

नाशिकच्या उदाहरणात भाडं होतं दोन खोल्या, तीन रात्री, ४,२०० प्रमाणे २५,२०० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीचं एका दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याहून जास्त असेल तर १८ टक्के लागतो. आपलं भाडं मर्यादेत आहे, म्हणून कर १,२६० रुपये: सीजीएसटी ६३० आणि एसजीएसटी ६३०. एकूण बिल २६,४६० रुपये. जुन्या १२ टक्क्यांनी हिशेब लावलेला दिसला, तर हॉटेलच्या संगणकात दर बदललेला नाही असं समजा आणि तिथेच दाखवून द्या.

या ५ टक्क्यांबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. हा दर ‘इनपुट क्रेडिटशिवाय’ आहे असं वाचून अनेक कंपन्या क्रेडिट सोडून देतात. ती अट हॉटेलवर आहे. हॉटेलला स्वतःच्या खरेदीवरचं क्रेडिट घेता येत नाही. तुमच्याकडून घेतलेल्या १,२६० रुपयांचं क्रेडिट तुमच्या कंपनीला, मुक्काम धंद्याच्या कामाचा असेल तर, घेता येतं.

रकमेनंतर बिलाचा वरचा भाग बघा. इथली चूक पटकन नजरेत येत नाही. पुष्कळ हॉटेलांच्या बिलावर पाहुण्याचं नाव एका चौकटीत आणि कंपनीचं नाव दुसऱ्या चौकटीत छापलं जातं. कंपनीचं नाव दिसलं म्हणजे काम झालं असं वाटतं, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या नावाखाली तुमचा पंधरा अक्षरी नंबर आहे का, हे बघा. वर कुठेतरी छापलेला नंबर हॉटेलचा स्वतःचा असतो, तो तुमचा समजू नका. सोपी खूण अशी की एका टॅक्स इनव्हॉइसवर दोन जीएसटी नंबर दिसले पाहिजेत, एक त्यांचा आणि एक तुमचा.

खोलीच्या भाड्याचा एसएसी कोड 996311 आहे. छोट्या हॉटेलांच्या बिलावर पहिले चारच अंक दिसले तरी चालतात. बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा. हॉटेलची उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर कंपन्यांना दिलेल्या बिलावर आयआरएन हा ६४ अक्षरी क्रमांक आणि क्यूआर कोड लागतोच. अशा हॉटेलने त्यांच्याशिवाय दिलेला कागद कायद्याने इनव्हॉइस धरला जात नाही. एक इशारा: पैसे भरण्यासाठी छापलेला यूपीआयचा क्यूआर कोड वेगळा असतो, त्याला ई-इनव्हॉइसचा समजू नका.

हॉटेल दुसऱ्या राज्यात असेल तर

बहुतेक कंपन्या इथेच अडकतात, आणि दोष हॉटेलचा नसतो. समजा तेच अभियंते पणजीला दोन रात्री राहिले, भाडं रात्रीला ६,००० रुपये. एका खोलीचे १२,००० रुपये, त्यावर ५ टक्के म्हणजे ६०० रुपये कर. ग्राहक महाराष्ट्रातला आहे म्हणून आंतरराज्य व्यवहारावरचा आयजीएसटी लागेल, असं वाटणं साहजिक आहे. पण हॉटेलच्या खोलीसाठी पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे इमारत जिथे उभी आहे तेच राज्य, असं आयजीएसटी कायद्याचं कलम १२(३) सांगतं. म्हणून पणजीचं हॉटेल सीजीएसटी ३०० आणि गोव्याचा एसजीएसटी ३०० लावणार. पुण्याच्या नोंदणीवर याचं क्रेडिट मिळत नाही. नंबर अगदी बरोबर दिला तरी जीएसटीआर-२बी मध्ये हे बिल ‘क्रेडिट उपलब्ध नाही’ या भागात दिसतं.

म्हणून गोव्याच्या हॉटेलला ‘आयजीएसटी लावून द्या’ असं कधीही लिहू नका. काही ठिकाणी काउंटरवर ते मान्यही करतात, किंवा ग्राहकाचा नंबर `27` ने सुरू होतो हे बघून सॉफ्टवेअर आपोआप आयजीएसटी लावतं. ते बिल चुकीचं असतं आणि पुढे तपासणीत हॉटेल आणि तुमची कंपनी, दोघांनाही उत्तरं द्यावी लागतात. कंपनीची गोव्यात खरोखर शाखा आणि नोंदणी असेल, मुक्कामही त्या शाखेच्या कामाचा असेल, तर ईमेलमध्ये `30` ने सुरू होणारा गोव्याचा नंबर आणि तिथलाच पत्ता द्या. बंगळुरूला शाखा असेल तर `29`, अहमदाबादला `24`. नोंदणी नसेल तर महाराष्ट्राचाच नंबर देऊन बिल कंपनीच्या नावे घ्या आणि ते ६०० रुपये खर्चात धरा. खर्चाचा पुरावा म्हणून ते बिल लागतंच. अपवाद एकच: तुमचं युनिट सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, असेल तर तिथल्या मंजूर कामासाठीचा मुक्काम आंतरराज्य पुरवठा धरला जातो. त्या कंपन्यांनी सेझची नोंदणी ईमेलमध्ये ठळकपणे लिहावी.

बुकिंग प्रवासाच्या संकेतस्थळावरून केलं असेल तर ईमेल पाठवण्यापूर्वी बिल कोण देणार, हे विचारा. पैसे संकेतस्थळाला गेले असतील तर हॉटेल अनेकदा बिल द्यायला तयार नसतं. अशा वेळी कंपनीच्या व्यावसायिक खात्यातून, जीएसटी नंबर भरूनच बुकिंग करावं.

चुकीचं बिल आलंच तर

काउंटर सोडण्यापूर्वी लक्षात आलं तर सगळं सोपं आहे. म्हणून कर्मचाऱ्याच्या खिशात कंपनीचं नाव आणि नंबर छापलेली चिठ्ठी द्या, आणि चेक-इनच्या वेळीच ‘ईमेल पाठवला आहे, नोंद झाली आहे का’ एवढं विचारायला सांगा. आयआरएन निघालेलं बिल पोर्टलवर रद्द करायला हॉटेलला २४ तास मिळतात. त्यानंतर क्रेडिट नोट काढून नवं बिल करावं लागतं आणि त्याला ते नाखूश असतात. पुढे हॉटेलने महिन्याचं विवरण भरलं की काम आणखी अवघड होतं. आपल्या उदाहरणात १२ मार्चला चेक-आउट आहे, म्हणजे बिलातली चूक हॉटेलकडे ११ एप्रिलच्या पुरेशी आधी पोचली पाहिजे.

चूक कळवताना रागाने लिहून काही हाती लागत नाही. बिल क्रमांक, तारीख, काय छापलं आहे आणि काय हवं आहे, एवढ्या चार गोष्टी द्या आणि मुक्कामापूर्वीचा तुमचा मूळ ईमेल त्याच साखळीत ठेवा: ‘बिल क्र. ____, दि. १२ मार्च २०२६. ग्राहकाचा जीएसटी नंबर छापलेला नाही. आमचा नंबर ४ मार्चच्या ईमेलमध्ये दिला होता, तो खाली आहे. कृपया हे बिल रद्द करून अथवा क्रेडिट नोट देऊन योग्य नावे नवं इनव्हॉइस द्यावं आणि मार्चच्या जीएसटीआर-१ मध्ये त्याची नोंद करावी.’

१४ एप्रिलनंतर २बी उघडून बिल दिसतं का बघा. बिल बरोबर आहे आणि तरीही दिसत नाही, असं झालं तर घाई करून तक्रार करू नका. मोठं हॉटेल असेल तर त्यांनी विवरण उशिरा भरलं असण्याची शक्यता असते. लहान हॉटेल तिमाही विवरण भरणारं असेल, तर जानेवारी किंवा फेब्रुवारीचं बिल मार्चच्या विवरणापर्यंत कदाचित दिसणार नाही. दोन्ही शक्यता संपल्यावर मगच लिहा. २०२५-२६ या वर्षातल्या बिलाचं क्रेडिट घ्यायला आणि हॉटेलला त्याची नोंद दुरुस्त करायला ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे. कंपनीचं वार्षिक विवरण त्याआधी भरलं गेलं, तर क्रेडिटची मुदत त्याच दिवशी संपते.